मीटिंगमध्ये स्वतःचाच आवाज परत येतो: दोषी यंत्र शोधायचं कसं?

प्रश्न: रोजच्या ऑनलाइन मीटिंगला आम्ही आठ जण असतो. तिघे एका कॉन्फरन्स रूममध्ये एकत्र बसतात, बाकीचे आपापल्या जागेवरून. मी बोललो की साधारण अर्ध्या सेकंदाने माझाच आवाज मला परत ऐकू येतो. नवा हेडसेट घेतला, माइकची सगळी सेटिंग बदलून पाहिली, काडीचा फरक नाही. बाकीचे म्हणतात, आम्हाला काही त्रास नाही, तुझ्याकडेच गडबड आहे. मधूनच एकदम कर्कश शिट्टी वाजते तेव्हा मात्र सगळेच दचकतात. गडबड नक्की कुणाकडे आहे आणि ती शोधायची कशी?

उत्तर:

हेडसेट बदलून फरक पडला नाही, कारण तुम्हाला ऐकू येणारा इको तुमच्या टेबलावर तयारच होत नाही. तुमचा आवाज नेटवरून दुसऱ्या कुणाच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिथल्या माइकमध्ये शिरतो आणि तुमच्याकडे परत येतो. ज्याच्याकडे हे घडतं त्याला यातलं काही कळत नाही, कारण त्याला तुमचा आवाज एकदाच आणि स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे 'मला काही त्रास नाही' असं जो सर्वांत ठामपणे सांगतो, तपासणी त्याच्यापासूनच सुरू करावी.

बाकीच्यांना मात्र तुमचं वाक्य दोनदा ऐकू येत असणार. दुसऱ्याच्या बोलण्यामागे हलकी शेपूट असली तर माणूस ती सहज कानाआड करतो. स्वतःचा आवाज उशिराने कानात पडला की जीभच अडखळते, म्हणून तक्रार नेहमी बोलणाऱ्याची असते. पुढच्या मीटिंगमध्ये एक छोटं वाक्य बोलून एकदम थांबा आणि बाकीच्यांना विचारा, 'मी थांबल्यावर शेवटचा शब्द पुन्हा ऐकू आला का?' रूमबाहेरच्या मंडळींपैकी एकदोघे तरी हो म्हणतील.

तरीही आधी एक खात्री करून घ्या. आवाज परत यायला किती वेळ लागतो, यावरून तो कुठून येतोय ते बरंचसं कळतं. 'टक्' असा एकच छोटा आवाज करा. तो पाव ते एक सेकंदाने परत आला तर नेटवरून जाऊन आलेला आहे. आवाज तुमच्याकडून निघून समोरच्यापर्यंत पोचायला आणि परत यायला तेवढा वेळ लागतोच. तो लगेच, जवळजवळ तुमच्या बोलण्याबरोबरच कानात वाजत असेल तर तो तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये किंवा हेडसेटमध्ये फिरतोय. आणि परत काहीच येत नाही, पण लोक म्हणतात की तुझा आवाज पोकळ, घुमल्यासारखा येतो, तर तो इको नव्हेच. तुमचा माइक तोंडापासून लांब आहे आणि रिकाम्या भिंतींवरून आपटलेला आवाज तो उचलतो आहे. त्याला उपाय एकच, माइक जवळ आणा. तुमचं अर्ध्या सेकंदाचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं, तेव्हा तुमची सेटिंग सध्या बाजूला ठेवा.

आता शोध. होस्टला सांगा की तुम्हाला सोडून सगळ्यांना म्यूट करा. मग सावकाश एक ते दहा मोजा. इको थांबला, तर तो बाकी सात जणांच्या कुठल्यातरी उघड्या माइकमधून येत होता हे ठरलं. थांबला नाही, तर तुम्ही स्वतःच त्या मीटिंगमध्ये दोनदा आहात का ते पाहा. ब्राउझरच्या मागच्या टॅबमध्ये तीच मीटिंग उघडी राहिलेली असते, किंवा खिशातला फोन सकाळपासून जॉइन झालेला असतो. होस्टच्या यादीत तुमचं नाव दोनदा दिसेल.

इको थांबला असेल तर एकेकाला अनम्यूट करायला सांगा आणि प्रत्येक वेळी पुन्हा दहापर्यंत मोजा. एका वेळी एकच माइक उघडा हवा. पुढच्याचा उघडण्याआधी आधीचा बंद झालाच पाहिजे. दहापर्यंत मोजायचं कारण असं की ॲपमधली इको कापणारी यंत्रणा नव्याने सुरू झाली की पहिले एकदोन सेकंद चाचपडते आणि मग जम बसवते. 'एक, दोन' एवढंच परत येऊन पुढे शांतता झाली तर ते यंत्र ठीक समजा. नऊ-दहा मोजतानाही आवाज परत येत असेल तर माइक सापडला. वीस-पंचवीस लोकांची मीटिंग असेल तर एकेक न करता अर्ध्यांना अनम्यूट करा, इको कुठल्या अर्ध्यात आहे ते पाहा, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. चार-पाच फेऱ्यांत माणूस हाती लागतो.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तुमच्याकडे एकाच खोलीत तिघे बसतात, आणि तिथे ही चाचणी हमखास चुकीच्या माणसाकडे बोट दाखवते. कारण म्यूट फक्त माइक बंद करतं, स्पीकर नाही. इकोला माइकही लागतो आणि स्पीकरही, आणि ती दोन्ही एकाच यंत्राची असायला हवीत असं नाही.

तुमच्या वर्णनावरून त्या रूममधली मांडणी अशी धरून चालतो. पहिल्याचा लॅपटॉप एचडीएमआय केबलने भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेला आहे. चित्रही टीव्हीवर, आवाजही टीव्हीतून, माइक मात्र लॅपटॉपचा. दुसरा आपल्या लॅपटॉपवरून स्क्रीन शेअर करण्यासाठी वेगळा जॉइन झालाय. त्याने स्वतःला म्यूट केलंय, पण त्याच्या लॅपटॉपचा स्पीकर चालूच आहे. तिसरा फोनवर हेडफोन लावून बसलाय आणि मधूनमधून बोलतो.

या मांडणीत एकेक माइक उघडून पाहा. तिसऱ्याचा उघडला की इको येतो. सगळे त्याच्याकडे वळतात आणि तो वैतागून म्हणतो, 'अहो, मी हेडफोन लावलाय!' तो खरंच बोलतोय. तुमचा आवाज टीव्हीतून आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपमधून खोलीत पसरतो आणि तिसऱ्याच्या फोनचा माइक तो उचलतो. फोनमधल्या यंत्रणेला वाटतं की आपला आवाज तर हेडफोनमध्ये बंदिस्त आहे, म्हणजे माइकमधून येणारं हे सगळं खोलीतलं खरं बोलणं असणार. ती ते जसंच्या तसं तुमच्याकडे पाठवते.

शिट्टीचा जन्मही इथेच. तिसरा बोलला की त्याचा आवाज नेटवरून टीव्हीत येतो, टीव्हीतून त्याच्याच माइकमध्ये शिरतो, पुन्हा टीव्हीत येतो, आणि दर फेरीला थोडा वाढत जातो. फेरी घेताना जितका आवाज गळतो त्याहून जास्त वाढला की एकच स्वर पकडून तो किंचाळायला लागतो. म्हणूनच शिट्टी सतत वाजत नाही. कुणी टीव्हीचा आवाज वाढवला किंवा फोन टीव्हीच्या दिशेने सरकवला की वाजते. इको आणि शिट्टी यांतला फरक शोधाच्या कामाचा आहे. इको एका यंत्रानेही होतो. शिट्टी वाजली तर एका खोलीत दोन यंत्रं एकाच मीटिंगमध्ये आहेत असंच आधी धरा.

म्हणून एका खोलीतल्या मंडळींसाठी चाचणीचा दुसरा टप्पा लागतो, स्पीकरचा. संशयित माइक उघडा ठेवा आणि त्या खोलीतले स्पीकर एकेक करून शून्यावर आणा. आधी दुसऱ्याच्या लॅपटॉपचा. इको थोडा कमी झाला तर एक वाट बंद झाली. मग टीव्हीचा. आता पूर्ण थांबला तर मुख्य वाट टीव्हीची होती. ॲपमधलं म्यूट इथे कामाचं नाही, यंत्राचा आवाजच खाली आणायचा.

उपाय सोपा आहे, मनावर घ्यायला मात्र जड जातो. एका खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर. बाकीच्यांनी जॉइन व्हायचंच असेल तर आवाजाशिवाय व्हावं. मीटमध्ये त्यासाठी Companion mode आहे. त्यात माइक आणि स्पीकर दोन्ही बंद राहतात, स्क्रीन शेअर आणि चॅट चालतं. झूममध्ये जॉइन होताना ऑडिओ जोडूच नये. जोडला गेलाच तर माइकच्या चिन्हाशेजारच्या बाणावर Leave Computer Audio सापडतं. हे म्यूटपेक्षा वेगळं आहे. याने स्पीकरही सुटतो.

आता टीव्ही. समजा दुसरा आणि तिसरा आवाजाशिवाय जॉइन झाले. शिट्टी गेली, तुमचा इको बराच घटला, पण पुसट शेपूट राहिली. लॅपटॉपच्याच माइकमध्ये लॅपटॉपचाच आवाज, फक्त टीव्हीतून वाजतोय, मग ॲप तो का कापत नाही? यासाठी ती यंत्रणा काय करते ते पाहावं लागेल.

ॲपला माहीत असतं की आपण स्पीकरकडे नेमका कुठला आवाज पाठवला. तो आवाज खोलीत फिरून माइकपर्यंत येताना कसा बदलतो, किती उशिराने येतो, किती बारीक होतो, याचा ते सतत अंदाज बांधत राहतं आणि तेवढा भाग माइकच्या आवाजातून वजा करतं. ही कल्पना १९६० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनसाठी तयार झाली. मनमोहन सोंधी यांचा त्यावरचा निबंध १९६७ सालचा. तत्त्व तेव्हापासून तेच आहे आणि त्याच्या अटीही त्याच. पाठवलेला आवाज आणि परत आलेला आवाज यांच्यातला उशीर साधारण स्थिर असावा, आणि मधल्या वाटेने आवाजाचा आकार मोडू नये.

टीव्ही या दोन्ही अटी मोडू शकतो. तो चित्राशी जुळवायला आवाज थोडा अडवून ठेवतो. शिवाय 'सराउंड', 'व्हॉल्यूम लेव्हलर' अशा करामती करून आवाजाचा पोतच बदलतो. ॲपने जे पाठवलं आणि माइकला जे मिळालं ते आता एकमेकांशी नीट जुळत नाही, म्हणून वजाबाकी अपुरी पडते. ब्लूटूथ स्पीकर आणि लॅपटॉपचा माइक ही जोडी तर याहून वाईट. ब्लूटूथचा उशीर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असतो आणि तो मध्येच सरकतो. शिवाय दोन वेगळ्या यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. दहा हजारांत एक एवढासा फरक असला तरी मिनिटाला सहा मिलिसेकंदांची तफावत पडते आणि ॲपला आपला अंदाज पुन्हापुन्हा दुरुस्त करावा लागतो. मीटिंग सुरू झाली तेव्हा ठीक होतं आणि थोड्या वेळाने इको आला, अशी तक्रार ऐकली की मी आधी ही जोडी शोधतो.

तेव्हा त्या रूममध्ये टीव्ही चित्रापुरताच ठेवा. ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून टीव्हीचं नाव असेल, ते बदलून लॅपटॉपचाच स्पीकर निवडा. तिघांना तो पुरत नसेल तर यूएसबीचा स्पीकरफोन आणा, म्हणजे माइक आणि स्पीकर एकाच डब्यात असलेला. त्यात इको कापायची सोय बहुधा आतच असते आणि दोघांचं घड्याळ एकच असतं. पण तो आणल्यावर ॲपमध्ये माइक आणि स्पीकर दोन्ही त्याचेच निवडा. स्पीकर त्याचा आणि माइक लॅपटॉपचा अशी अर्धवट निवड मी फार ठिकाणी पाहतो, आणि मग दोष त्या डब्याच्या माथी जातो.

आवाजाची पातळीही पाहा. स्पीकर शंभर टक्क्यांवर लावला की तो फाटका वाजतो, आणि फाटलेल्या आवाजाची वजाबाकी होत नाही. साठ-सत्तर टक्क्यांवर आणून स्पीकरफोन लोकांच्या जवळ सरकवलेला बरा. इथे थोडा भाग तुमच्याकडेही येतो. नवा हेडसेट जोडल्यावर त्याच्या माइकची पातळी शंभरावर किंवा 'बूस्ट' चालू राहिला असेल, तर तुमचा आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा आणि काठावर फाटलेला जातो. रूममध्ये तो टीव्हीला हादरवतो आणि वजाबाकीतून निसटतो. इतरांच्या बोलण्याचा इको फारसा जाणवत नाही आणि तुमचाच जाणवतो, यामागे हेही कारण असू शकतं. नेहमीच्या आवाजात बोलताना पातळीची पट्टी दोन तृतीयांशाच्या आसपास नाचावी, टोकाला आपटू नये.

आता हेडसेटबद्दल, कारण कधीकधी चाचणीत सापडलेला माणूस एकटाच बसलेला असतो आणि खरोखर हेडसेट लावलेला असतो. तिथे पहिला संशय निवडीवर. हेडसेट डोक्यावर आहे, पण ॲपमध्ये स्पीकर लॅपटॉपचाच निवडलेला आहे, आणि हेडसेटने न झाकलेला मोकळा कान ते ऐकतोय. त्याला हेडसेटचा प्लग किंवा ब्लूटूथ काही सेकंद बंद करायला सांगा. आवाज येतच राहिला तर उत्तर मिळालं. Same as System हा पर्याय निवडला असेल तर मधेच काही जोडलं-काढलं की ॲप गुपचूप दुसऱ्या यंत्रावर जातं, म्हणून तिथे हेडसेटचं नावच स्पष्टपणे निवडावं.

निवड बरोबर असूनही इको येत असेल आणि हेडसेट साध्या ३.५ मिमीच्या पिनचा असेल, तर गळती हवेतून नव्हे तर तारेतून होत असेल. त्या पिनमध्ये माइक आणि इअरफोन यांची परतीची तार एकच असते. स्वस्त किंवा जुन्या केबलमध्ये इअरफोनला जाणारा आवाज त्या तारेवरून माइकमध्ये झिरपतो. ओळखायची रीत अशी: इअरफोन कानातून काढून उशीखाली दाबा आणि माइक हाताने लांब धरा. इको तेवढाच राहिला तर गळती तारेतली आहे. पिन पूर्ण आत बसली आहे का ते पाहा, कारण अर्धवट बसलेली पिन हाच त्रास देते. नाहीतर इअरफोनचा आवाज कमी करा, किंवा यूएसबी हेडसेट घ्या. उशीखाली दाबल्यावर इको गेला, तर आवाज कानातून बाहेर सांडत होता. उघड्या जाळीचे हेडफोन आणि मोठा आवाज असला की हे होतं.

विंडोजवर दोन जुने सापळे आहेत. रन विंडोमध्ये हे टाका:

```
mmsys.cpl
```

Recording टॅबमध्ये आपल्या माइकवर दोनदा क्लिक करून Listen टॅब उघडा. तिथे Listen to this device वर खूण असेल तर काढा. ती असली की तुमचा माइक तुमच्याच कानात वाजतो, म्हणजे वर सांगितलेला 'लगेच' येणारा आवाज. दुसरा सापळा म्हणजे माइक म्हणून Stereo Mix निवडलेला असणं. तो माइक नाहीच, कॉम्प्युटरमध्ये वाजणारं सगळं तो जसंच्या तसं परत पाठवतो. अशा माणसाचं स्वतःचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, पण इतरांचे आवाज त्याच्याकडून परत येतात. या जोडलक्षणावरून तो लांबूनही ओळखता येतो. एक तपशील लक्षात असू द्या. काही हेडसेट बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज मुद्दाम हलका ऐकवतात, म्हणजे माणूस ओरडत नाही. तो बिघाड नाही. नको असेल तर हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये Sidetone कमी करता येतो.

झूम वापरत असाल तर Original sound for musicians कुणी चालू ठेवलंय का तेही विचारा. संगीताच्या शिकवणीसाठी ते उत्तम आहे, पण त्यात ॲपची बरीच साफसफाई बाजूला ठेवली जाते. हेडफोन न लावता ते चालू ठेवलं आणि त्यातल्या Echo cancellation वर खूण नसली, तर स्पीकरचा आवाज सरळ माइकमधून निघून येतो. सापडलेला माणूस कालच कुणाला तबला ऐकवत बसला होता का, हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही.

शेवटी एक खूण, जी इकोच्या उलट दिसते. इको अजिबात नाही, पण रूममधलं कुणी तुमच्या बोलण्यात मध्ये बोललं की त्याचे शब्द तुटतात, अर्धे गिळले जातात. लोक याला नेट खराब आहे म्हणतात. खरं तर तिथली यंत्रणा मोठ्या स्पीकरपुढे मेटाकुटीला आलेली असते आणि वजाबाकी जमेना म्हणून तुम्ही बोलत असेपर्यंत त्यांचा माइकच दाबून टाकते. तुम्ही गप्प असताना त्यांचा आवाज सलग येतो आणि तुमच्या बोलण्यावरच तुटतो का, एवढं तपासा. तसं असेल तर त्यांच्या स्पीकरचा आवाज दोन टप्पे खाली आणा आणि माइक त्यांच्याजवळ सरकवा. तुमचा इको गेल्यावर हे शिल्लक राहण्याची शक्यता बरीच आहे, आणि तेव्हाही तक्रार त्यांच्याकडून येणार नाही, तुमच्याकडूनच येईल.